हद्द त्यांची, फिर्याद इथं: शून्य नंबरचा गुन्हा वर्ग झाल्यावर कागद कुठं अडकतो?

"हे आमच्या हद्दीत येत नाही, जिथं घडलं तिथं जा." पोलीस ठाण्याच्या पायरीवरून माघारी आलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य पाठ असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं, की दखलपात्र गुन्ह्याची खबर गुन्हा कोणत्याही भागात घडलेला असला तरी पोलीस ठाण्यात देता येते. 'झिरो एफआयआर' हा शब्द कलमात कुठंही नाही, पण पद्धत तीच. त्यामुळं नोंद करून घेण्याची अडचण आता बरीच कमी व्हायला हवी. खरी अडचण पुढं आहे. गुन्हा शून्य नंबरनं नोंदला, फिर्यादी घरी गेला, आणि कागद दोन ठाण्यांच्या मधेच पडून राहिला, तर काय?

हे समजायला एक उदाहरण धरू. अहिल्यानगर जिल्ह्यातला एक शेतकरी कांदा घेऊन सोलापूरच्या बाजार समितीत गेला. पट्टी झाली, ३१ हजार रुपये रोख हातात आले. रात्री अकराच्या सुमारास बार्शी रस्त्यानं परत येताना पिकअप अडवून तिघांनी त्याला काठीनं मारलं, पैसे आणि मोबाईल काढून घेतला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली नाही, थेट गावाकडं आणली. पहाटे ग्रामीण रुग्णालयात डोक्याला टाके पडले. आता सकाळी नऊ वाजता हा माणूस कुठल्या ठाण्यात जाणार? जिथं मार खाल्ला ते गाव कोणतं, हेच त्याला नीट माहीत नाही. सोलापुरात तर शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीणचे पोलीस अधीक्षक वेगळे. अंधारात हद्द कुठं संपली हे कुणी बघत नाही.

म्हणून त्यानं आपल्याच तालुक्याच्या ठाण्यात जायचं. तीन जणांनी मारहाण करून लुटलं, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ खालची जबरी चोरी. लुटणारे पाच किंवा जास्त असते तर दरोडा झाला असता. दोन्ही दखलपात्र. ठाणे अंमलदारानं त्याची फिर्याद लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची. गुन्हा रजिस्टरला चालू नंबर न देता शून्य नंबर टाकायचा, म्हणून नाव 'झिरो'. जखम ताजी असेल तर वैद्यकीय तपासणी इथंच होते. डॉक्टरांचे कागद पुढं जाणाऱ्या फाईलला लागतात, कारण आठ दिवसांनी सूज उतरलेली असते आणि कोर्टात मार दाखवायला दुसरं काही उरत नाही.

इथंच पहिली गफलत होते. फिर्यादीला वाटतं गुन्हा दाखल झाला, प्रत्यक्षात त्याच्याकडून नुसता 'तक्रार अर्ज' लिहून घेऊन त्यावर पोचेचा शिक्का मारलेला असतो. मोबाईलच्या बाबतीत तर चोरीऐवजी 'गहाळ' अशी नोंद सर्रास होते. गहाळ म्हणजे तुमच्याच हातून हरवला, त्यात चोर कुणीच नाही. अर्ज वेगळा, गहाळ नोंद वेगळी आणि प्रथम खबर अहवाल वेगळा. यातला फक्त शेवटचा कागद दुसऱ्या ठाण्याला गुन्हा म्हणून वर्ग होतो.

तो ओळखायचा कसा? प्रथम खबर अहवाल हा छापील नमुन्यातला कागद असतो आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट द्यावीच लागते. प्रत हातात आली की दोन ठिकाणी बोट ठेवून वाचावं. घटनास्थळाच्या रकान्यात शेवटी एक ओळ असते: जागा या ठाण्याच्या हद्दीबाहेर असेल तर त्या ठाण्याचं नाव आणि जिल्हा. ही ओळ रिकामी नको. दुसरं, अहवालाच्या शेवटी 'केलेली कारवाई' असा भाग असतो. त्यात 'तपास सुरू केला', 'तपास नाकारला' अशा पर्यायांबरोबर एक पर्याय असतो, हद्दीच्या कारणावरून अमुक ठाण्याकडं वर्ग केला. शून्य नंबरच्या गुन्ह्यात इथं समोरच्या ठाण्याचं नाव दिसलं पाहिजे. नाव चुकलं, म्हणजे ग्रामीणच्या ठाण्याऐवजी शहराचं लिहिलं गेलं, तर फाईल तिथून परत फिरते आणि आठवडा तसाच जातो. रस्त्यावरचा गुन्हा असेल तर टोलनाका, पेट्रोलपंप, ढाबा, किलोमीटरचा दगड, जे आठवेल ते फिर्यादीत घालावं. हद्द ठरते ती त्यावरून. ड्रायव्हरच्या फोनमधलं लोकेशन सापडलं तर उत्तमच.

आता वर्ग होणं म्हणजे नेमकं काय ते पाहू. पहिलं ठाणं मूळ फिर्याद, अहवाल आणि वैद्यकीय कागद एका पत्रासोबत समोरच्या ठाण्याला पाठवतं. त्या पत्राला जावक क्रमांक पडतो. समोरच्या ठाण्यात त्याची आवक नोंद होते, मग तिथल्या रजिस्टरला खरा गुन्हा नंबर पडतो आणि तपासी अधिकारी नेमला जातो. आपल्या शेतकऱ्याच्या हातात मंगळवारी शून्य नंबरची प्रत आली, पण घटनास्थळाचा पंचनामा, रस्त्यावरच्या सीसीटीव्हीचं फुटेज, मोबाईलचा माग हे सगळं सुरू होणार ते दुसरा नंबर पडल्यावर. पेट्रोलपंपावरचं फुटेज काही कायम राहत नाही, जुन्यावर नवं चढत जातं. म्हणून मधले दिवस हेच चोराच्या फायद्याचे दिवस.

कलम १७३ मध्ये वर्ग करायला किती दिवस, हे लिहिलेलं नाही. यातून केवढं नुकसान होऊ शकतं ते मणिपूरनं दाखवलं. ४ मे २०२३ रोजी तिथं जमावानं महिलांची विवस्त्र धिंड काढली. १८ मे रोजी कांगपोकपी जिल्ह्यातल्या सैकुल ठाण्यात शून्य नंबरनं गुन्हा नोंदवला गेला. घटना हद्दीनं थौबल जिल्ह्यातल्या नोंगपोक सेकमाई ठाण्याची. कागद तिथं गेला २१ जूनला, म्हणजे महिन्याहून जास्त काळानं. १९ जुलैला व्हिडिओ देशभर पसरला आणि त्यानंतर पहिली अटक झाली. सर्वोच्च न्यायालयानंही या दिरंगाईवर जाब विचारला. तिथली परिस्थिती दंगलीची होती हे खरं, पण व्हिडिओ नसता तर तो कागद कुठं असता, हा प्रश्न उरतोच.

त्याच्या उलट उदाहरण २०१३ चं. आसाराम प्रकरणातली फिर्याद त्या वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कमला मार्केट ठाण्यात शून्य नंबरनं नोंदली गेली. गुन्हा राजस्थानात जोधपूरजवळ घडलेला. कागद तिकडं गेला, त्याच महिन्यात अटक झाली आणि २०१८ मध्ये शिक्षा लागली. म्हणजे पद्धतीत खोट नाही, फाईल हलते की नाही यावर सगळं आहे.

म्हणून फिर्यादीनं पहिल्या ठाण्यातून निघताना अहवालाच्या प्रतीशिवाय आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख. त्या दिवशी मिळाला नाही तर दोन दिवसांनी. तो हातात असला की समोरच्या ठाण्यात फोनवर 'आमच्या केसचं काय झालं' असं मोघम विचारावं लागत नाही. अमुक तारखेचं, अमुक जावकचं पत्र आवक झालं का, एवढंच विचारायचं. मिळालं असेल तर नवीन गुन्हा नंबर आणि तपासी अधिकाऱ्याचं नाव मागायचं. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'Published FIRs' या ठिकाणी जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून गुन्हा दिसतो का तेही बघता येतं. महिलांवरील अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे मात्र तिथं टाकत नाहीत, तेव्हा ते दिसले नाहीत म्हणून घाबरू नये. तपास सुरू झाल्यावर ९० दिवसांच्या आत त्याची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची, असं याच संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे.

पहिल्याच ठाण्यानं नोंदच घेतली नाही तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलंय, की खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणं बंधनकारक आहे. तरी नकार मिळाला तर फिर्यादीचा मजकूर लेखी करून पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवायचा. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवायची, कारण त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करताना सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि अधीक्षकांकडं गेलो होतो हे दाखवावं लागतं. व्हॉट्सॲपवर 'एफआयआर नाकारला तर पोलिसाला जेल' असा मेसेज फिरतो, तो अर्धाच खरा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये किमान सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे, पण ती बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी अशा ठरावीक गुन्ह्यांची नोंद न घेतल्यास. कांद्याचे पैसे लुटले गेले तर ते कलम लागू पडत नाही.

एक प्रकार असा आहे, की तिथं शून्य नंबरची गरजच नसते आणि तरी लोकांना पळवलं जातं. सासरी छळ झालेली मुलगी माहेरी आली, की तिला सांगितलं जातं 'सासरच्या ठाण्यात जा'. रूपाली देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये निकाल दिलाय, की छळामुळं घर सोडून ती जिथं आसऱ्याला आली तिथंही हा खटला चालू शकतो. त्या छळाचा परिणाम माहेरीही भोगावा लागतो, हे त्यामागचं कारण. म्हणून माहेरच्या ठाण्यानं आपलाच चालू नंबर टाकून गुन्हा घ्यायचा आणि तपासही तिथूनच करायचा. शून्य नंबर टाकून सासरकडं वर्ग केला, तर मुलीला जबाबासाठी पुन्हा त्याच गावात जावं लागतं, जिथून ती जीव मुठीत घेऊन निघाली. अशा वेळी प्रत घेतानाच नंबर शून्य आहे की चालू, हे बघून तिथंच बोलावं.

आणि शून्य नंबर सगळ्यालाच लागू होत नाही. परगावच्या लग्नात शिवीगाळ झाली, कुणी एक चापट मारली, तर हा अदखलपात्र मामला. तिथं 'एनसी' म्हणून नोंद होते आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. जमिनीच्या व्यवहारात नुसते पैसे थकले असतील तर तो बहुधा दिवाणी वाद. पण त्याच चापटीत दात पडला किंवा हाड मोडलं, तर ती गंभीर दुखापत, आणि मग घरी परतल्यावर आपल्या ठाण्यातही फिर्याद देता येते. डॉक्टरचा दाखला तेवढा आधी घ्यावा.