फोन उघडण्याआधी *#21#

‘फोन वाजतच नाही, बाकी सगळं चालू आहे,’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं, की आपल्यापैकी बरेच जण आधी रिंगर बघतात, मग फॅक्टरी रीसेट मारतात. तरी फोन गप्पच राहतो. कॉल डायव्हर्टची नोंद कंपनीच्या नेटवर्कमध्ये त्या नंबरापुढे झालेली असते. रीसेटने ती जात नाही, सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं तरी जात नाही. म्हणून स्क्रू काढण्याआधी ही चौकशी करा:

```
*#21#
*#67#
*#61#
*#62#
```

पहिला कोड सगळे कॉल वळवले आहेत का ते सांगतो. पुढचे तीन अनुक्रमे फोन बिझी असताना, उचलला नाही तर आणि बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल कुठे जातो ते सांगतात. काही नेटवर्कवर हे कोड चालत नाहीत. तिथे फोनच्या कॉल सेटिंगमध्ये हीच माहिती मिळते.

समजा, *#21# ला गिऱ्हाइकाच्या ओळखीचा नसलेला मोबाइल नंबर आला. अलीकडे कोणी फोन करून काही डायल करायला लावलं होतं का, हे विचारा. ‘सिम बंद पडेल’ असं घाबरवून *401* आणि पुढे दहा आकडे दाबायला लावायचे, ही फसवणूक इतकी पसरली, की दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून *401# ची सेवा थांबवायला लावली. एसएमएस डायव्हर्ट होत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाला संशय येत नाही. पण कॉलवर सांगितला जाणारा ओटीपी थेट चोराकडे जातो आणि व्हॉट्सअ‍ॅप हातचं जातं.

इथे #21# दाबून थांबू नका. त्याने डायव्हर्ट बंद होतो, पण नोंदवलेला नंबर राहू शकतो आणि नुसत्या *21# ने पुन्हा चालू होतो. ##21# ने नंबरच पुसला जातो. पुसल्यावर *#21# पुन्हा दाबून खात्री करा, आणि दुसऱ्या फोनवरून एक कॉल लावून बघा.

*#62# ला अनोळखी नंबर दिसला म्हणून मात्र ‘फोन हॅक झालाय’ असं सांगून गिऱ्हाइकाला घाबरवू नये. तो बऱ्याचदा कंपनीच्याच व्हॉइसमेलचा किंवा मिस्ड कॉल अलर्टचा असतो. कस्टमर केअरला विचारून खात्री करता येते.

सरसकट ##002# मारण्याची सवय मला याच कारणासाठी खटकते. त्याने सगळेच डायव्हर्ट पुसले जातात, गिऱ्हाइकाने स्वतः लावलेलेही. एखाद्या डॉक्टरांनी न उचललेले कॉल वीस सेकंदांनी दवाखान्यात जावेत अशी सोय केलेली असेल, तर तीही जाते आणि दुसऱ्या दिवशी पेशंटचे कॉल अडकतात. आधी चारही उत्तरं कागदावर लिहून घ्या, नको तेवढंच पुसा. चुकून गेलंच, तर दवाखान्याचा नंबर घालून असं परत लावता येतं:

```
**61*नंबर**20#
```

शेवटचा आकडा सेकंदांचा. तो 5 ते 30 मध्ये, पाचाच्या पटीतच घ्यावा लागतो.