रंगवलेले पाच आणि सुटलेले तीन दिवस

अहिल्यानगर जिल्ह्यात तालुके चौदा. अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि जामखेड. पावसाचा असो, पीक पाहणीचा असो की वसुलीचा, जिल्ह्याचा कोणताही तक्ता या चौदा ओळींचा असतो. एक्सेलमध्ये अशा तक्त्याला `Conditional Formatting` लावणं मिनिटभराचं काम आहे. `Top/Bottom Rules` उघडायचं, `Top 10 Items` मधल्या दहाच्या जागी पाच टाकून हिरवा रंग द्यायचा, `Bottom 10 Items` मध्येही पाच टाकून लाल द्यायचा. तक्ता बोलका होतो आणि बैठकीत नजर थेट लालवर जाते. धोका इथूनच सुरू होतो.

चौदा ओळींतले वरचे पाच आणि खालचे पाच रंगवले की दहा ओळी रंगतात, कोऱ्या उरतात चारच. ठळक करणं म्हणजे गर्दीतून मोजकं वेगळं काढणं. इथे गर्दीच रंगली आणि अपवाद कोरे राहिले. जिल्ह्यातल्या सगळ्या गावांच्या यादीला लावलेला हाच नियम खरोखर टोकं दाखवेल. यादी किती लांब आहे हे न पाहता पाचाचा आकडा कायम ठेवणं ही पहिली चूक.

दुसरी चूक अधिक खोल आहे. हा नियम फक्त क्रम पाहतो, आकडा किती हे पाहत नाही. दोन जून महिने कल्पून पाहू. आकडे केवळ उदाहरणापुरते. एका वर्षी चौदाही तालुक्यांत 90 ते 180 मि.मी. पाऊस झाला, पेरण्या वेळेत उरकल्या. दुसऱ्या वर्षी एकाही तालुक्यात 40 मि.मी. पाऊस नाही, बियाणं घरात पडून आहे. दोन्ही वर्षांच्या तक्त्यांत लाल ओळी पाचच आणि हिरव्याही पाचच. चांगल्या वर्षी 95 मि.मी.चा तालुका लाल दिसतो, कोरड्या वर्षी 38 मि.मी.चा हिरवा दिसतो. लाल म्हणजे संकट असं वाचणारा माणूस दोन्ही वेळा फसतो, आणि कोरड्या वर्षीची फसवणूक महाग पडते, कारण तेव्हा हिरव्या ओळीकडे कोणी पाहतच नाही. कामाच्या टक्केवारीलाही हेच लागू आहे. सगळे तालुके 96 ते 99 टक्क्यांच्या दरम्यान असले तरी पाच जण लाल होणारच, आणि बैठकीत त्यांनाच खुलासा विचारला जाणार.

या जिल्ह्यात क्रमाचा आणखी एक घोटाळा होतो, तो भूगोलामुळे. अकोल्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला टेकलेला. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा इथे पाऊस कोसळतो. पारनेर, नगर, कर्जत पर्जन्यछायेत. मि.मी.च्या रकान्याला नियम लावला की अकोले बहुतेक वेळा हिरव्यातच असणार, आणि त्यातून कळतं ते एवढंच की अकोले घाटाजवळ आहे. समजा, अकोल्याची जूनची सरासरी 150 मि.मी. धरली आणि पडला 90; पारनेरची सरासरी 80 धरली आणि पडला 84. अकोल्यात सरासरीच्या 60 टक्केच पाऊस झाला, पारनेरने सरासरी ओलांडली. तरी मि.मी.च्या क्रमात अकोले वर आणि पारनेर खाली. ज्या तालुक्यात यंदा तूट आहे तो हिरवा, आणि ज्याचं ठीक चाललंय तो लाल व्हायची शक्यता. रंग द्यायचाच तर तो सरासरीच्या टक्केवारीच्या रकान्याला द्यायला हवा.

शून्यांची गोष्ट याहून विचित्र आहे. रोजच्या पावसाच्या तक्त्यात कोरड्या दिवशी बहुतेक ओळींत शून्य असतं. समजा, चौदांपैकी तीनच तालुक्यांत पाऊस पडला आणि अकरा ठिकाणी शून्य आहे. सर्वांत मोठी पाच मूल्यं शोधताना एक्सेलला पाचव्या क्रमांकावर शून्यच मिळतं. मग शून्य किंवा त्याहून मोठं असलेलं सगळं ‘पहिल्या पाचां’त बसतं, म्हणजे चौदाच्या चौदा ओळी. खालच्या पाचांचा नियमही बरोबरीच्या सगळ्या मूल्यांना घेतो, म्हणून त्यात अकरा ओळी येतात. एका ओळीला दोन नियम लागू झाले की `Manage Rules` च्या यादीत वर असलेला नियम जिंकतो, आणि नवा नियम आपसूक वर जाऊन बसतो. हिरवा नियम नंतर केला असेल तर जवळजवळ कोरड्या दिवशी अख्खा जिल्हा हिरवागार दिसेल. पाचाच्या जागी चौदा ओळी रंगलेल्या दिसल्या की संगणक बिघडला असं वाटतं. प्रत्यक्षात त्याने सांगितलेलंच केलेलं असतं.

त्यातच शून्य आणि रिकामा चौकोन यांची गल्लत होते. मापन आलंच नाही म्हणून चौकोन रिकामा ठेवला तर नियम त्याला मोजत नाही. तिथे सवयीने शून्य टाकलं तर तो तालुका थेट तळात जातो. माहिती न येणं आणि पाऊस न पडणं या दोन वेगळ्या गोष्टी रंगात एक होऊन जातात.

जिथे खरा उंबरठा ठरलेला आहे तिथे क्रमाचा नियम वापरण्याचं कारणच उरत नाही. नुकसानभरपाईसाठी राज्यात अतिवृष्टी धरली जाते ती महसूल मंडळात 24 तासांत 65 मि.मी.हून जास्त पाऊस झाला तर. हा प्रश्न `Greater Than` मध्ये 65 टाकून सुटतो. एकही मंडळ त्यात बसलं नाही तर एकही ओळ रंगणार नाही, आणि तेच योग्य उत्तर असेल. मात्र तक्ता मंडळांचा हवा. तीन मंडळांत 20, 30 आणि 100 मि.मी. पाऊस झाला तर सरासरी 50 येते, आणि 100 मि.मी.खाली झोपलेलं पीक तालुक्याच्या ओळीत दिसत नाही.

आता तारखांकडे वळू. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून साखरेशी बांधलेल्या या जिल्ह्यात गळीत हंगामातली एक मुदत सगळ्यांना पाठ आहे. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत किमान दर द्यायचा. उशीर झाला तर त्या काळासाठी वार्षिक 15 टक्के व्याज. बिलं पंधरवड्याने निघत असली तरी मुदत मोजली जाते ऊस घातल्याच्या तारखेपासून. समजा, एखाद्या लेखा विभागाने मुदतीच्या रकान्याला `A Date Occurring` हा तयार नियम लावला आणि त्यात `Next Week` निवडलं. हेतू हा की येत्या आठवड्यात द्यायची बिलं पिवळी दिसावीत.

तक्ता बुधवारी, 3 डिसेंबर 2025 रोजी उघडला असं धरू. एक्सेलचा पुढचा आठवडा म्हणजे पुढच्या रविवारपासून शनिवारपर्यंत, 7 ते 13 डिसेंबर. 29 नोव्हेंबरला घातलेल्या उसाची मुदत 13 डिसेंबर, म्हणून ती ओळ पिवळी. 20, 21 आणि 22 नोव्हेंबरच्या उसाची मुदत 4, 5 आणि 6 डिसेंबर, म्हणजे उद्या, परवा आणि तेरवा. या ओळी कोऱ्या. जिला अजून दहा दिवस आहेत ती ओळ डोळ्यांत भरते आणि जिला एकच दिवस उरलाय ती दिसत नाही. 18 नोव्हेंबरच्या उसाची मुदत तर कालच संपली. तिलाही रंग नाही. सर्वांत निकडीच्या ओळीच कोऱ्या राहतात.

रविवारी तर हा नियम आज धरून सात दिवस पूर्ण सोडून आठव्या दिवसापासून मोजायला लागतो. फक्त शनिवारी तो उद्यापासूनचे नेमके सात दिवस पकडतो. म्हणून शनिवारी बसून कोणी तपासलं तर सगळं बरोबर दिसेल. तयार यादीत ‘गेल्या सात दिवसांत’ अशी सोय आहे, ‘येत्या सात दिवसांत’ अशी नाही. ती सूत्रानेच करावी लागते. मुदत D रकान्यात आणि बिल दिल्याची तारीख E मध्ये असेल, तर `Use a formula to determine which cells to format` निवडून पिवळ्यासाठी पहिलं आणि लालसाठी दुसरं सूत्र द्यावं:

```
=AND(ISNUMBER($D2),$D2>=TODAY(),$D2<TODAY()+8,$E2="")
=AND(ISNUMBER($D2),$D2<TODAY(),$E2="")
```

पहिलं सूत्र आजपासून सातव्या दिवसापर्यंतची न दिलेली बिलं पकडतं, दुसरं मुदत उलटलेली. दिलेलं बिल दोन्हींतून बाहेर पडतं, जे तयार नियमाला कधीच जमलं नसतं.

तारीख खरोखर तारीख आहे का, हेही पाहावं लागतं. दुसऱ्या प्रणालीतून उतरवलेली किंवा टिंब देऊन लिहिलेली 13.12.2025 बऱ्याच संगणकांवर नुसता मजकूर ठरते आणि तिला कोणताच तारखेचा नियम लागत नाही. संगणकाची तारीख-पद्धत अमेरिकी असेल तर 05/12/2025 टाकल्यावर ती 12 मे होते, आणि 13/12/2025 मजकूर म्हणून राहते, कारण तेरावा महिना नसतो. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख चौकोनात उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. शंका असेल तर शेजारच्या रिकाम्या चौकोनात `=ISNUMBER(D2)` लिहावं. `FALSE` आलं तर ती तारीख नाही. मेमध्ये गेलेली तारीख मात्र ही परीक्षा पास होते. ती सापडते लाल सूत्रामुळे: डिसेंबरच्या तक्त्यात मे महिन्याची थकबाकी दिसली की चूक नोंदीत आहे.

तयार नियम चुकीचे नाहीत. त्यांचे प्रश्न ठरलेले आहेत: यादीत तुलनेने वर-खाली कोण, आणि कॅलेंडरच्या पुढच्या रविवार ते शनिवारात काय येतं. आपले प्रश्न वेगळे असतात: कुठे पाऊस कमी पडला, कोणाचे पैसे लगेच द्यायचे. म्हणून रंग लावण्याआधी प्रश्न एका वाक्यात तक्त्याच्या वरच लिहावा, उंबरठा आणि तो कोणी ठरवला यासह. नंतर दोन ओळी मुद्दाम बिघडवून पाहाव्यात: एका ओळीत उद्याची तारीख, दुसरीत कालची. ही तपासणी शनिवार सोडून कोणत्याही दिवशी करावी. उद्याची ओळ कोरी राहिली, तर तो तक्ता बैठकीत नेऊ नये.