मिरजेचा तंबोरा, चेहरा मात्र भलताच

मिरज - येथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जाहिरातीसाठी छायाचित्रकार बोलावण्याऐवजी संगणकाकडूनच चित्र काढून घेण्याचा स्वस्त मार्गही आता खुला आहे. मात्र, संगणकाला दिल्या जाणाऱ्या सूचनेत, म्हणजे ‘प्रॉम्प्ट’मध्ये, नुसते ‘भारतीय कारागीर’ लिहिले तर सतारमेकर गल्लीत कधीही न दिसणारा माणूस पडद्यावर अवतरण्याचा संभव अधिक.

‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या संकेतस्थळाने २०२३ मध्ये ‘मिडजर्नी’कडून ‘भारतीय व्यक्ती’ची शंभर चित्रे काढून घेतली. त्यांतील ९९ पुरुषांची होती, बहुतेक साठीपुढचे आणि ९२ जणांच्या डोक्यावर पगडी किंवा तत्सम शिरोवेष्टन! कारण उघड आहे. ही यंत्रणा छायाचित्रे व त्यांखालच्या ओळींवरून शिकते. पगडीवाल्या वृद्धाच्या चित्राखाली ‘भारतीय’ असे आवर्जून लिहिले जाते. शर्ट घातलेल्या कारागिराच्या चित्राखाली ते लिहिण्याची गरज कोणाला वाटत नाही. उलट ‘सुंदर’, ‘तेजस्वी’ हे शब्द घातले, की जाहिरातींतून शिकलेली उजळ, डागविरहित त्वचा येते.

यावर उपाय म्हणजे विशेषण काढून तपशील देणे. उदाहरणार्थ : ‘वय ४३, गडद गव्हाळ वर्ण, कपाळावर आठ्या, कानांजवळ पिकू लागलेले केस, दोन दिवसांची दाढी, फिकट चौकडीचा शर्ट; खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उजेडात कानशीने तंबोऱ्याची घोडी घासत आहे.’ येथे धर्म लिहिलेला नाही, हे महत्त्वाचे. मिरजेचे अनेक सतारमेकर शिकलगार मुस्लिम घराण्यांतील आहेत. पण तो शब्द घालताच जाळीची टोपी आणि सुरमा येण्याचा धोका असतो. कोणी टोपी घालतो, कोणी नाही. हे प्रत्येक व्यक्तीपुरते ठरवावे.

समूहचित्रात वेगळीच अडचण येते. ‘पाच कारागीर’ म्हटले, की एकच चेहरा पाच वेळा वय बदलून येण्याचा धोका असतो. म्हणून विशीतला, चाळिशीतला आणि सत्तरीतला माणूस स्वतंत्रपणे काढून घ्यावा. मग कपडे व केस झाकून केवळ नाक, जबडा आणि डोळ्यांतील अंतर पाहावे. माणसे वेगळी न वाटल्यास चित्र बाद. वर्णाची पारख मागच्या भिंतीवरून होते. भिंत सावलीत आणि चेहरा मात्र उजळ असेल, तर यंत्राने रंग परस्पर बदलला असण्याचा संभव असतो. उतारवयाच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या दोन्ही गालांवर अगदी सारख्या असतील, तरीही शंका घ्यावी.

इतके करूनही एक मर्यादा उरते. जवारी काढणे हे कानाने करायचे काम. यंत्राला घोडीचा उतार कळत नाही, तारांची संख्याही चुकू शकते. शिवाय मानांकनाचा आधार मूळ स्थान आणि तेथील कारागीर हाच आहे. जगात नसलेला कारागीर ‘आमचा कारागीर’ म्हणून छापणे ग्राहकाची दिशाभूलच ठरेल. वातावरण दाखवण्यापुरते असे चित्र चालेल. जेथे नाव आणि कसब दाखवायचे, तेथे गल्लीतल्याच माणसाचे, त्याच्या संमतीने काढलेले छायाचित्र हवे.