व्यवहारातील कायदा : पावती भरलेली, परवाना मात्र नाही

सांगलीच्या एका किराणा पेढीतील ही घटना. धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा. त्याने शिकाऊ परवाना काढला होता, परंतु त्याची सहा महिन्यांची मुदत संपली आणि पक्क्या परवान्याची परीक्षा राहूनच गेली. एका पावसाळी सकाळी मालाचा नमुना पोहोचविण्यासाठी तो वडिलांच्या नावावरील स्कूटर घेऊन निघाला आणि वळणावर घसरून पडला. मनगटाला मार लागला, दवाखान्यात पट्टी झाली. दुसऱ्या कोणास इजा झाली नाही. स्कूटरच्या दुरुस्तीचा अंदाज मात्र १८,४०० रुपये निघाला.

विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला होता. गॅरेजवाल्याने सहजपणे सुचविले, "शेठ, फॉर्मवर मोठ्या दादांचे नाव टाका. त्यांचे लायसन्स आहे, काम होऊन जाईल." घरातही दोन मते पडली. धाकटा म्हणाला, "बाबा, रस्ता ओला होता म्हणून गाडी घसरली. लायसन्स असते तरी घसरलीच असती. मग कंपनी पैसे का नाकारील?"

प्रश्न रास्त आहे, परंतु उत्तर पॉलिसीच्या कागदातच असते. तेथे 'चालक' या शीर्षकाखाली अट असते की, अपघाताच्या वेळी वाहन चालविणाऱ्याजवळ त्या प्रकारच्या वाहनाचा अंमलात असलेला परवाना असला पाहिजे. शिकाऊ परवानाही चालतो. मात्र तो मुदतीत असावा लागतो आणि त्यासंबंधीचे नियम पाळलेले असावे लागतात. स्वतःच्या वाहनाची नुकसानभरपाई हा मालक व कंपनी यांच्यातील करार असल्याने, घसरण्याचे कारण काय होते हा मुद्दा तेथे सहसा तारत नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात चालकाचा परवाना अपघातापूर्वीच संपला होता आणि त्याचे नूतनीकरण अपघातानंतर झाले. न्यायालयाने कंपनीचा नकार मान्य केला. नंतर केलेले नूतनीकरण मागील तारखेचा अपघात झाकीत नाही.

परवाना असता तर किती मिळाले असते? १८,४०० पैकी प्लास्टिकचे भाग ८,००० रुपयांचे, त्यांवर निम्मा घसारा, म्हणजे ४,००० मिळतात. धातूचे भाग ६,४०० रुपयांचे. स्कूटर दीड वर्षाची असल्याने १० टक्के वजा जाऊन ५,७६० उरतात. मजुरी ४,००० पूर्ण धरली जाते. एकूण १३,७६० मधून मालकाने सोसावयाचे १०० रुपये वजा केल्यास हाती १३,६६० येतात. थोरल्याचे नाव घालण्याचा मोह एवढ्याच रकमेचा होता.

परंतु सर्व्हेअर केवळ गाडी पाहत नाही. तो चालकाचा जबाब घेतो, परवाना तपासतो आणि चालकास लागलेल्या माराविषयी विचारतो. दवाखान्याच्या केसपेपरवर धाकट्याचे नाव असताना फॉर्मवर थोरल्याचे नाव आले, की दावा तर जातोच. शिवाय खोटे निवेदन दिल्याचा ठपका सहीकर्त्या मालकावर, म्हणजे वडिलांवर येतो. वडिलांनी दावा दाखल केला नाही. दुरुस्ती पेढीच्या खर्चातून केली. दावा न केल्यामुळे पुढील नूतनीकरणातील 'नो क्लेम बोनस' तरी शाबूत राहिला.

सगळेच दावे असे बुडतात असे मात्र नाही. परवाना मुदतीत होता पण पडला तेव्हा खिशात नव्हता, तर तो अंमलात असलेलाच परवाना होय. तो नंतर सादर करता येतो. उभी केलेली गाडी कोणी धक्का देऊन पाडली, तर ती कोणी चालवीतच नव्हते. तेथे चालकाची अट आड येऊ नये. अशा वेळी कंपनीने नकार दिल्यास कारण लेखी मागावे, प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे आणि तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करावी. उलट, केवळ मोटारीचा परवाना असलेला मनुष्य स्कूटरवरून पडला, तर हाती परवाना असूनही दावा अडतो, कारण त्यावर दुचाकीचा वर्ग नसतो.

त्या दिवशी वाटेत एखादा पादचारी सापडला असता, तर हिशेब हजारांचा राहिला नसता. अशा प्रकरणांत न्यायाधिकरण बहुधा कंपनीस जखमीला भरपाई देण्यास सांगते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. वसुली मालकाच्या मिळकतीवर येते, मग ती पेढी असो वा घर.

त्या पेढीत आता स्कूटरची किल्ली गल्ल्यात असते. किल्ली घेणाऱ्या प्रत्येकाच्या, मुलगा असो वा नोकर, परवान्याची प्रत तेथेच ठेवलेली असते. दिवाळीत वहीपूजनाच्या आदल्या दिवशी वडील त्या प्रतींवरील दोन गोष्टी पाहतात : मुदत आणि वाहनाचा वर्ग. धाकट्याने श्रावणातच परीक्षा दिली. त्याची प्रत सर्वांत वर असते.