स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे हृदयात ब्लॉकेज आहेच का?

समजा, ४२ वर्षांच्या एका महिलेने हेल्थ चेकअपमध्ये टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट केली. कसलाही त्रास नाही, तरी रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहून आलं. घरात लगेच अँजिओग्राफीची चर्चा सुरू झाली. पण या शब्दाचा नेमका अर्थ काय?

टेस्टमध्ये काय पाहतात?

ट्रेडमिलचा वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढतो. हृदयाचे ठोके साधारणपणे २२० वजा वय या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत न्यायचे असतात. ४२ व्या वर्षी ही संख्या १५१ येते. या काळात ईसीजीमधली ‘एसटी’ ही रेषा किमान १ मिलिमीटर खाली गेली आणि आडवी किंवा उतरती राहिली, तर टेस्ट पॉझिटिव्ह धरतात. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याचा तो इशारा असू शकतो. पण ब्लॉकेज नसतानाही ही रेषा खाली जाऊ शकते.

महिलांमध्ये चूक जास्त का?

मुख्य कारण साध्या गणितात आहे. अशा १००० महिलांपैकी ५० जणींना खरंच आजार आहे असं मानू. महिलांमध्ये ही टेस्ट साधारण ६० टक्के आजारी व्यक्तींना पकडते, म्हणजे इथे ३० जणींना. उरलेल्या ९५० निरोगी महिलांपैकी साधारण ३० टक्के, म्हणजे २८५ जणींचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येतो. एकूण ३१५ पॉझिटिव्ह, त्यात खरा आजार फक्त ३० जणींना. पाळी जाण्याआधी महिलांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कमी आढळतो, म्हणून खोट्या इशाऱ्यांचा वाटा वाढतो. इस्ट्रोजेन हार्मोनचाही एसटी रेषेवर परिणाम होत असावा, असं मानलं जातं. अ‍ॅनिमियामुळेही ही रेषा बदलू शकते.

मग रिपोर्ट कसा वाचायचा?

डॉक्टर फक्त रेषा पाहत नाहीत. किती मिनिटं चालता आलं, छातीत दुखलं का, रक्तदाब नीट वाढला का आणि थांबल्यावर रेषा किती लवकर जागेवर आली, हेही बघतात. ‘ड्यूक स्कोअर’मध्ये चाललेल्या मिनिटांतून एसटीच्या घसरणीची पाचपट वजा करतात आणि छातीत दुखलं असेल तर आणखी गुण कापतात. ही महिला नेहमीच्या ब्रूस पद्धतीने १० मिनिटं चालली, घसरण १ मिलिमीटर, दुखणं नाही. स्कोअर १० वजा ५, म्हणजे ५. पाच किंवा जास्त म्हणजे कमी धोका. अशा वेळी थेट अँजिओग्राफीऐवजी स्ट्रेस इको किंवा सीटी अँजिओ लागेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं.

उलट बाजूही आहे. वरच्या हिशेबात ५० पैकी २० आजारी महिलांची टेस्ट निगेटिव्ह आली. त्यामुळे चालताना छातीत जडपणा किंवा दम लागत असेल, तर ‘निगेटिव्ह’ वाचून गप्प बसू नका. आणि बसल्या जागी छातीत दुखू लागलं, तर ट्रेडमिलचा विचार न करता थेट इमर्जन्सी गाठा.