मेलेला मासा विचार करतो काय?

मेंदूचे करडे चित्र आणि त्यावर लालपिवळे ठिपके तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिले असतील. खाली लिहिलेले असते, ‘गाणे ऐकताना मेंदूचा हा भाग जागा होतो’. अशा चित्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, असे आमचे मत आहे. तो म्हणजे, हा ठिपका किती जागा तपासून सापडला?

ही चित्रे एफएमआरआय यंत्राने घेतात. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक जाते आणि चुंबकीय संदेशात किंचित फरक पडतो. संगणक मेंदूचे हजारो बारीक चौकोनी तुकडे कल्पितो. अशा प्रत्येक तुकड्यास व्हॉक्सेल म्हणतात. मग प्रत्येक व्हॉक्सेलची स्वतंत्र परीक्षा होते. चित्र दाखवले तेव्हाचा आणि न दाखवले तेव्हाचा संदेश यांतील फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात एकाहून कमी असेल, तर तो व्हॉक्सेल रंगवतात. कसोटी कडक वाटते, पण खरी मेख येथेच आहे.

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेत 1000 मुले मैदानावर उभी केली आणि प्रत्येकाने नाणे दहा वेळा उडवले. दहाही वेळा छाप पडण्याची शक्यता 1024 मध्ये एक. म्हणून एखाद्या मुलाला दहाही छापा मिळाल्या, तर त्याच्या हातात जादू आहे असे म्हणाल काय? हजार मुलांत असा एखादा निघणे अगदी स्वाभाविक आहे. चूक होते ती उरलेल्या 999 मुलांना विसरून त्या एकाचेच छायाचित्र छापण्यात.

क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नेमके हेच दाखवून दिले. त्यांनी एक मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि त्या माणसांच्या मनात कोणती भावना असेल, असे रीतसर विचारले! 8064 व्हॉक्सेल तपासले. हजारात एक या हिशेबाने सुमारे 8 व्हॉक्सेल योगायोगाने रंगायला हवे होते. रंगले 16, आणि त्यांतले काही थेट मेंदूच्या पोकळीत. शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे यंत्रातील गोंगाटही पुंजक्याने दिसू शकतो. म्हणून केवळ ‘पुंजका आहे, म्हणजे खरा’ असेही म्हणता येत नाही. हे काम 2009 साली मांडले गेले आणि 2012 साली त्याला इग्नोबेल पारितोषिक मिळाले.

यावर उपाय काय? सर्वांत सरळ उपाय बॉनफेरोनी यांच्या नावाने ओळखला जातो. संपूर्ण तपासणीत एकही खोटा ठिपका येण्याची शक्यता शंभरात पाचच ठेवायची असेल, तर 0.05 ला परीक्षांच्या संख्येने भागावे. 8064 ने भागल्यावर प्रत्येक व्हॉक्सेलसाठी कसोटी होते सुमारे 1,61,000 मध्ये एक. दुसरी पद्धत थोडी सैल आहे. बेंजामिनी व हॉखबर्ग यांनी ती 1995 साली मांडली. तिच्यात रंगवलेल्या ठिपक्यांपैकी सरासरी किती टक्के खोटे चालतील, ते आधीच ठरवतात. या दोन्ही प्रकारच्या दुरुस्त्या लावताच माशाचा एकही ठिपका उरला नाही. मर्यादा 25 टक्क्यांपर्यंत सैल केली तरीही नाही.

मात्र दुरुस्तीची किंमत असते. शाळेतील त्या खेळाला बॉनफेरोनीचा नियम लावला, तर ओळीने 15 छापा मागाव्या लागतील. आता एखाद्याचे नाणे खरोखरच खोटे असून त्यात दहापैकी आठदा छाप पडत असेल, तरी पंधराच्या पंधरा छापा पडणे सुमारे 28 वेळांत एकदाच घडेल. म्हणजे खरे लबाड नाणेही बहुधा सुटून जाईल. मेंदूतील क्षीण पण खऱ्या हालचालीचे असेच होते. म्हणून कोणी म्हणतात, दुरुस्ती नको, खरे शोध हातचे जातात.

हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. खरे हुकू नये असे वाटत असेल, तर अधिक माणसांवर प्रयोग करावा, अथवा कोणती जागा पाहायची ते प्रयोगापूर्वीच लिहून ठेवावे. तपासण्याच्या जागा कमी झाल्या की कसोटीही आपोआप सौम्य होते. चाळणीची भोके मोठी करून धान्याबरोबर खडे घरी आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दहा छापा मिळवणाऱ्या मुलाला पुन्हा नाणे उडवायला सांगावे, तसा रंगलेला ठिपका नव्या माणसांतही दिसतो का, हेही पाहावे.

शिक्षकांनी संभाव्यतेचा धडा शिकवताना हा नाण्यांचा खेळ मैदानावर अवश्य घ्यावा. दहा छापा मिळवणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहाल, तेव्हा शेजारी एकूण मुलांची संख्याही लिहा. मेंदूच्या प्रत्येक रंगीत चित्राखालीही तशी संख्या आणि वापरलेली दुरुस्ती छापलेली असावी, एवढीच आमची मागणी आहे.