गोल दिसले म्हणजे नाणेच, असे नाही

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. तेव्हा या सदरात मी लिहावे की नाही, याचा बराच विचार केला. पण २०२४ च्या गणपतीत आमच्या घरी जे घडले, ते मंडळातल्या लहान मुलांच्या आईवडिलांना माहीत असायलाच हवे, असे माझे मत झाले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

गणपती बसले त्या संध्याकाळची गोष्ट. साडेपाचला आरती संपली. पाटासमोर पाच विडे मांडलेले होते आणि आईने प्रत्येक विड्यावर दक्षिणा म्हणून एक एक पेनी ठेवली होती. पाहुण्यांना प्रसाद वाटून होईपर्यंत आमचा सतरा महिन्यांचा धाकटा तिथेच खेळत होता. पावणेसहाच्या सुमारास त्याला एकदम ठसका लागला. मग तो शांत झाला, पण आवडती खीर तोंडाशी नेली की मान फिरवू लागला. आईने विड्यांकडे पाहिले. पेन्या चारच होत्या. "अरे, ह्यानं नाणं गिळलं!"

आम्ही त्याला जवळच्या अर्जंट केअरमध्ये नेले. तिथे समोरून एकच एक्स-रे काढला. गळ्याच्या खाली, छातीच्या वरच्या भागात, पांढरी स्वच्छ गोल चकती दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "गोल दिसतंय, म्हणजे अन्ननलिकेत आहे, श्वासनलिकेत नाही. नाणं आहे. मूल लाळ गिळतंय, श्वास नीट आहे. बऱ्याचदा आपोआप खाली सरकतं. उद्या सकाळी मुलांच्या हॉस्पिटलमध्ये दाखवा." आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला.

इथे थोडे थांबून डॉक्टरांच्या वाक्याकडे पाहू, कारण त्यातला अर्धा भाग अगदी बरोबर होता. अन्ननलिका रिकामी असते तेव्हा ती पुढून मागे दबलेली, चपटी असते. तिला जागा मिळते ती डावीउजवीकडे. म्हणून तिच्यात अडकलेली चकती आपले तोंड समोर करून बसते. समोरून काढलेल्या एक्स-रेत ती पूर्ण गोल दिसते आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत पातळ उभ्या रेघेसारखी. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूला उघड्या असतात, त्यामुळे तिथे चकती बहुधा उलटी बसते, म्हणजे समोरून रेघ आणि बाजूने गोल. हा नियम शंभर टक्के खात्रीचा नाही, त्याला अपवाद नोंदले गेले आहेत. शिवाय नाणे श्वासनलिकेत जाणे मुळातच विरळा, आणि गेलेच तर खोकला, घरघर, धाप यांवरून शंका येतेच. पण साधारण अंदाजाला नियम उपयोगी आहे. वस्तू कुठे आहे, हे गोलपणाने सांगितले. वस्तू काय आहे, हे मात्र त्याने सांगितले नव्हते, आणि आम्ही सर्वांनी ते गृहीत धरले.

डिस्चार्जचे कागद हातात पडत होते, तेवढ्यात घरून आईचा फोन आला. "पाचवी पेनी पाटाखाली सापडली. आणि त्या मखरातल्या चिनी पणत्यांपैकी एक उघडी पडलीय. आतला सेल नाहीये रे."

या पणत्या आपल्यापैकी अनेकांकडे आहेत. वर प्लास्टिकची लुकलुकणारी ज्योत आणि बुडाशी छोटेसे झाकण. आमच्या पणतीच्या झाकणाला स्क्रू नव्हता, नखाने उघडत होते. आत असतो तो सीआर २०३२ नावाचा चपटा लिथियम सेल. त्याचा व्यास २० मिलिमीटर. आपल्या पेनीचा व्यास १९ मिलिमीटरच्या किंचित वर. एक्स-रेवर समोरून पाहिले तर दोन्ही चकत्या जवळजवळ सारख्याच आकाराच्या.

मी धावत आत गेलो आणि डॉक्टरांना तोच एक्स-रे पुन्हा पाहण्याची विनंती केली. त्यांचा मोठेपणा असा की त्यांनी वाद घातला नाही. संगणकावर चित्र मोठे केले आणि उजेड कमी केला. धातू एक्स-रेत इतका पांढराफटक उमटतो की त्यातले बारकावे भरून जातात. उजेड उतरवल्यावर चकतीच्या कडेच्या आत, अगदी कडेलगत, दुसरी बारीक गोल रेघ दिसू लागली. नाण्याला अशी आतली कड नसते. सेल दोन भागांचा बनलेला असतो. मोठी वाटी म्हणजे धन बाजू, तिच्यात बसवलेले थोडे लहान झाकण म्हणजे ऋण बाजू, आणि दोहोंमध्ये प्लास्टिकची कड. त्या फटीमुळे एक्स-रेत कड्यात कडे दिसते.

मग बाजूने दुसरा एक्स-रे काढला. नाणे असते तर दोन्ही बाजूंनी सपाट, सरळ रेघ दिसली असती. इथे रेघेच्या एका अंगाला पायरी होती, उंबरठ्यासारखी. एक बाजू रुंद, दुसरी अरुंद. शंका उरली नाही.

आता हा फरक एवढा महत्त्वाचा का? अन्ननलिकेतले नाणे हा बहुतेक वेळा अडथळा असतो. मुलाला त्रास होत नसेल तर डॉक्टर बारा ते चोवीस तास वाट पाहू शकतात. सेल तिथे अडकला तर वाट पाहायला वेळच नसतो. सेल फुटून आतले रसायन बाहेर येते, असा सर्वसाधारण समज आहे, पण मुख्य धोका तो नाही. अन्ननलिकेच्या ओल्या अस्तराला दोन्ही टोके टेकली की विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ऋण बाजूपाशी हायड्रॉक्साइड तयार होते. तुंबलेली मोरी मोकळी करायला आपण जे जहाल द्रव्य ओततो, त्याच जातीचे. पंधरा मिनिटांत भाजायला सुरुवात होते आणि दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. सेल 'संपलेला' असला तरी उपयोग नाही. पणती पेटवायला कमी पडणारी वीज मांस भाजायला पुरते.

अरुंद बाजू कुणीकडे आहे हेही पाहायचे असते, कारण तीच ऋण बाजू आणि खोल जखम तिथेच होते. ती पुढे असेल तर समोर श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या येतात. मागे असेल तर पाठीचा कणा. आमच्या मुलाच्या सेलची अरुंद बाजू मागे होती. त्यातल्या त्यात नशीब.

डॉक्टरांनी लगेच पॉयझन कंट्रोलला फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देत अँब्युलन्समधून आम्ही मुलांच्या हॉस्पिटलमध्ये गेलो. मधाने सेल निघत नाही. तो सेलवर आवरण धरतो आणि जखमेचा वेग थोडा कमी करतो, एवढेच. ठसका लागल्यापासून तीन तासांनी, पावणेनऊला, दुर्बिणीतून सेल बाहेर निघाला. अन्ननलिकेच्या मागच्या भिंतीवर काळा व्रण पडला होता. सहा दिवस नाकातल्या नळीने दूध दिले. पाच आठवड्यांनी व्रण भरताना नलिका आकसली आणि ती दोनदा रुंद करावी लागली. आज तो पोळीभाजी खातो. पण सेल निघाल्यानंतरही कित्येक दिवसांनी एकदम रक्तस्राव होऊ शकतो, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यामुळे पुढच्या काही आठवड्यांत त्याला साधी उलटी झाली तरी आमच्या काळजाचा ठोका चुकत असे. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही.

माझे मत एवढेच आहे. मुलाने गोल काही गिळल्याची शंका असेल तर, सिद्ध होईपर्यंत तो सेलच समजावा. आमच्या धंद्यात चुकीच्या दोन तऱ्हा असतात आणि दोन्हींची किंमत सारखी नसते. नाण्याला सेल समजलो तर एक धावपळ आणि एक बिल. सेलला नाणे समजलो तर मुलाचा गळा. 'बहुधा नाणंच असेल' हा अंदाज गणिताने बरोबर असूनही वागायला चुकीचा आहे.

म्हणून डॉक्टरांना नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात. बाजूनेही एक्स-रे काढला का? चित्र मोठे करून, उजेड कमी करून कड पाहिली का? आणि गळ्यापासून पोटापर्यंत सगळा भाग आला का? सेल पोटात उतरला असेल तर उपचार वेगळे आणि घाई बहुधा कमी असते, पण ते ठरवण्यासाठी तो दिसायला हवा. मात्र एक्स-रेलाही मर्यादा आहेत. लहानमोठी दोन नाणी एकावर एक बसली तर कड्यात कडे दिसू शकते, आणि पातळ सेलची पायरी कधी कधी उमटतच नाही. म्हणून एक्स-रेइतकेच महत्त्व घरी काय हरवले आहे याला द्यावे. आमचे निदान अर्धे यंत्राने केले आणि अर्धे आईने.

घरच्या घरी उलटी करवू नका. खाणेपिणे देऊ नका. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि बारा तासांच्या आतली गोष्ट असेल, तर मात्र वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नाही. आणि मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नका. शक्यतो थेट मुलांच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा, कारण सेल काढण्याची सोय अर्जंट केअरमध्ये नसते. अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास.

शेवटी मंडळाला एक विनंती. २०२२ साली अमेरिकेत 'रीझ लॉ' हा कायदा झाला. असा सेल गिळल्याने दगावलेल्या एका लहान मुलीचे नाव त्याला दिले आहे. त्यानुसार सेलचे झाकण मुलांना सहज उघडता येऊ नये, असे बंधन आले. पण आपल्या खोक्यांतल्या सजावटीच्या कित्येक वस्तू त्याआधीच्या किंवा देशातून बॅगेत आणलेल्या आहेत. यंदा आरास मांडण्यापूर्वी प्रत्येक पणती उलटी करून पाहावी. स्क्रू नसेल तर ती मखरात नको. आमच्याकडे आता तेलवातीची समई असते, उंच चौरंगावर.